न नोंदली जाणारी तक्रार : पाळी जाण्याच्या काळातील कोरडेपणा, मंदावलेली इच्छा आणि डॉक्टरांशी संवाद

(जागतिक रजोनिवृत्ती दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात स्त्रीरोग विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



दरवर्षी १८ ऑक्टोबर हा दिवस जागतिक रजोनिवृत्ती दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने आमच्या विभागाने एखादा विषय आपल्यापुढे मांडावा, अशी सूचना विश्वस्त मंडळाने केली. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, हाडांचा ठिसूळपणा, वाढणारे वजन या विषयांवर स्त्रिया आता बऱ्यापैकी बोलू लागल्या आहेत. म्हणून आज आम्ही केसपेपरवर क्वचितच लिहिली जाणारी एक तक्रार निवडली आहे. पाळी जाण्याच्या सुमारास योनिमार्गात कोरडेपणा येतो, संबंधाच्या वेळी दुखते आणि शरीरसंबंधाची इच्छाही ओसरते, ही ती तक्रार होय. सभागृहात पुरुषही मोठ्या संख्येने आहेत, याचा आम्हाला आनंद वाटतो, कारण हा विषय त्यांच्याही घरातला आहे.

प्रथम काळाविषयी थोडे सांगतो. सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे आपण म्हणतो. आपल्या देशात हे सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षाच्या सुमारास घडते. परंतु पाळी एका दिवसात थांबत नाही. त्याआधीची काही वर्षे ती मागेपुढे होते, कधी दोन महिने येत नाही, कधी महिन्यातून दोनदा येते. या काळाला आपण संक्रमणकाळ म्हणू. या काळात इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक एका सरळ उतारावरून खाली येत नाही. ते हेलकावे खाते. त्यामुळे कोरडेपणाही सुरुवातीला येतो आणि जातो, एखादा महिना बरा जातो आणि पुढचा त्रासाचा. स्त्रीला वाटते, आपल्याच मनाचा खेळ असावा. याच कारणाने पंचेचाळिशीनंतर रक्तातील संप्रेरकांच्या एखाद्या तपासणीवरून हा काळ ओळखण्याचा आग्रह धरू नये. आज घेतलेला आकडा पुढच्या महिन्यात वेगळा येऊ शकतो. वय, पाळीचे बदललेले वेळापत्रक आणि लक्षणे यांवरून निदान अधिक विश्वासार्ह होते.

आता हे बदल शरीरात नेमके कसे घडतात ते पाहू. योनिमार्गाचे अस्तर हे अनेक पेशींच्या थरांचे असते आणि ते जाड, लवचीक व ओलसर राखण्याचे काम इस्ट्रोजेन करते. वरच्या थरातील पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते. या पेशी गळून पडतात तेव्हा तेथे वस्तीला असलेले उपकारक जीवाणू त्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधाचे दही होताना जे आम्ल तयार होते, तेच हे आम्ल. त्यामुळे योनिमार्ग आम्लधर्मी राहतो आणि बाहेरचे जंतू तेथे सहसा रुजत नाहीत. इस्ट्रोजेन घटले, की अस्तर पातळ होते, त्यावरील चुण्या सपाट होतात, रक्तपुरवठा कमी होतो आणि इच्छेच्या वेळी सुटणारा ओलावाही घटतो. साखर कमी, म्हणून उपकारक जीवाणू कमी. ते कमी, म्हणून आम्ल कमी. मूत्रनलिका आणि मूत्राशयाचा तळ यांचे अस्तरही इस्ट्रोजेनवर अवलंबून असते. म्हणूनच या स्त्रियांना पुन:पुन्हा उन्हाळी लागते, घाईने लघवीला जावे लागते आणि लघवीच्या जागी चुरचुरते.

योनी आणि मूत्रमार्ग यांचे हे सर्व बदल एकाच कारणाचे आहेत, हे लक्षात घेऊन २०१४ साली तज्ज्ञांच्या दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी त्यांना एकत्रित नाव दिले. आपण त्याला रजोनिवृत्तीचा जनन-मूत्रमार्गीय लक्षणसमूह म्हणू शकतो. नाव अवजड आहे, परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. गरम वाफा बहुतेक स्त्रियांत काही वर्षांनी आपोआप ओसरतात. हा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही. उपचार न केल्यास तो वर्षांगणिक वाढतच जातो. "थोडे दिवस सोसू, मग बरे वाटेल" हा हिशेब येथे चुकतो.

यानंतर इच्छेविषयी. इच्छा कमी होणे आणि संबंधाच्या वेळी दुखणे या दोन गोष्टी बहुधा एकत्र सांगितल्या जातात, किंबहुना एकत्रच लपवल्या जातात. परंतु त्या एक नाहीत, आणि उपचाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच असतो, की आधी काय सुरू झाले. आधी दुखू लागले असेल, तर शरीर त्या दुखण्याची आठवण ठेवते. जवळ येण्याच्या नुसत्या कल्पनेने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले जातात, त्यामुळे आणखी दुखते, आणि मन हळूहळू त्या वाटेलाच जाईनासे होते. अशा वेळी इच्छेवर औषध शोधण्याआधी दुखणे थांबवावे लागते. याउलट दुखत नसताना इच्छा ओसरली असेल, तर कारणे दुसरीकडे शोधावी लागतात. रात्री घामाने तीन-चार वेळा जाग येणे, संक्रमणकाळातील अति रक्तस्रावाने झालेला पंडुरोग, थायरॉईडची मंदता, मधुमेह, नैराश्य ही त्यांतील नेहमीची कारणे. नैराश्यावरील काही गोळ्या आणि रक्तदाबावरील काही गोळ्याही इच्छा मंदावतात. घरातील आजारपण, मुलांच्या चिंता, पतीशी दुरावा, आणि पतीच्या स्वतःच्या शारीरिक अडचणी यांचाही वाटा असतो. अनेकदा पती आपली अडचण झाकण्यासाठी दूर राहतो आणि पत्नीला वाटते, आपलेच वय झाले.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. दीर्घकाळ संसार केलेल्या अनेक स्त्रियांत इच्छा आधी आणि जवळीक नंतर असा क्रम राहत नाही. स्वस्थपणा मिळाला, स्पर्श सुखाचा वाटला, तर इच्छा मागाहून जागी होते. हा दोष नाही, हा इच्छेचा एक स्वाभाविक प्रकार आहे. आणि इच्छा कमी झाली, पण त्या स्त्रीला स्वतःला त्याचा त्रास होत नाही, तर तो आजारही नाही. कोणाच्या आग्रहासाठी तिने औषध घेण्याचे कारण नाही. डॉक्टर म्हणून आम्ही "इच्छा किती" यापेक्षा "आपल्याला याचे दुःख होते का" हे आधी विचारतो.

आता एका भगिनीची हकीगत सांगतो. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून अनेक रुग्णांचे तपशील एकत्र करून ती मांडली आहे. वय ४७, दोन बाळंतपणे, पाळी गेल्या दीड वर्षापासून दोन-तीन महिन्यांनी येणारी. वर्षभरात तीन वेळा त्या बाहेरच्या दवाखान्यांत "खाली आग होते" असे सांगत गेल्या. तिन्ही वेळा उन्हाळी समजून प्रतिजैविकाच्या गोळ्या मिळाल्या. चार दिवस बरे वाटे आणि पुन्हा तेच. मधुमेह असेल म्हणून साखर तपासली, ती योग्य निघाली. खाज येते म्हणून दुकानातून एक मलम आणले, त्याने चुरचुर वाढली. आपल्या रुग्णालयात त्या चौथ्या खेपेला आल्या तेव्हाही तक्रार तीच होती. लघवीची चिठ्ठी घेऊन उठताना, दाराशी पोहोचल्यावर, त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आणखी एक होतं, पण राहू द्या."

बाह्यरुग्ण विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य परिचयाचे आहे. खरी तक्रार पुष्कळदा दाराशी येते, आणि तोवर पुढची रुग्ण आत आलेली असते. त्या भगिनींना पुन्हा बसवून विचारले तेव्हा उलगडा झाला. आग लघवी करताना कमी आणि लघवीचा थेंब बाहेरच्या नाजूक त्वचेला लागला की अधिक होत होती. संबंधाच्या वेळी सुरी फिरवल्यासारखे दुखे आणि दुसऱ्या दिवशी अंतर्वस्त्राला रक्ताचा पुसट डाग दिसे. हे सुमारे चौदा महिन्यांपासून चालले होते. इच्छा त्यानंतर चार-पाच महिन्यांनी मावळली. त्या वेगळ्या खोलीत झोपू लागल्या, आणि पतीने त्याचा अर्थ राग असा घेतला.

त्यांच्या संमतीने, परिचारिकेच्या उपस्थितीत तपासणी झाली. अस्तर फिकट, पातळ आणि सपाट होते, आणि हलक्या स्पर्शानेही त्यावर रक्ताचे बारीक ठिपके उमटले. योनिमार्गातील ओलाव्याला चाचणीची कागदी पट्टी लावली, तिच्या रंगावरून पीएच ६ आला. निरोगी अवस्थेत तो ३.५ ते ४.५ असतो. लघवीतील जंतूंचे कल्चर करण्यास पाठवले, त्यात जंतू वाढले नाहीत. म्हणजे त्या वेळी मूत्रमार्गात संसर्ग नव्हताच. संबंधानंतर रक्त दिसले, म्हणून गर्भाशयमुखाची कर्करोगपूर्व तपासणी केली आणि सोनोग्राफी केली. दोन्ही ठीक निघाल्या. हिमोग्लोबिन मात्र ९.४ होते.

उपचार चार भागांत झाला. दुकानातील मलम, जंतुनाशक द्रावण आणि सुगंधी साबणाने आतून धुणे प्रथम बंद केले. योनिमार्ग आतून धुवावा लागत नाही. बाहेरून साधे पाणी पुरेसे असते. दुसरे म्हणजे ओलावा टिकवणारे बिनसंप्रेरकाचे जेल. ते आठवड्यातून दोन-तीन वेळा, संबंध असो वा नसो, नियमाने वापरायचे असते. संबंधाच्या वेळी लावायचे निसरडेपणाचे जेल वेगळे. पहिले त्वचेची निगा राखते, दुसरे त्या वेळचे घर्षण कमी करते. हा फरक न समजल्याने अनेक जणी एकच नळी दोन्हींसाठी वापरतात आणि "गुण आला नाही" म्हणतात. खोबरेल तेलही काही स्त्रिया वापरतात. त्याने ओलावा वाटतो, परंतु तेलाने रबरी निरोध फाटू शकतो, आणि संक्रमणकाळात गर्भधारणा अजून शक्य असते. पन्नाशीपूर्वी शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे आणि पन्नाशीनंतर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवावे, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून निरोध वापरणाऱ्यांनी पाण्याचे जेल निवडावे.

तिसरा भाग हा मुख्य उपचार होता, म्हणजे योनिमार्गात लावायचे अल्प मात्रेतील इस्ट्रोजेन. आपल्याकडे ते इस्ट्रिऑलच्या मलमाच्या रूपात मिळते. रात्री झोपताना, सोबतच्या नळीने, डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेपर्यंत भरून लावायचे. पहिले दोन आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा. चौथा भाग होता लोहाच्या गोळ्या आणि अति रक्तस्रावावरील उपचार, कारण थकलेल्या शरीरात इच्छेला जागा नसते.

दहाव्या दिवशी त्यांनी मलम बंद केल्याचे कळले. खोक्यातील पत्रक त्यांच्या मुलाने वाचले होते. त्यात स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात असे इशारे होते. या भीतीचा उगम सांगणे आवश्यक आहे. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवण्यात आला. त्यातील स्त्रिया ५० ते ७९ वयाच्या होत्या आणि त्या पोटातून दोन संप्रेरकांच्या गोळ्या घेत होत्या. त्या निष्कर्षांनंतर इस्ट्रोजेनच्या सर्वच औषधांवर सारखेच इशारे छापले जाऊ लागले, योनीत लावायच्या अल्प मात्रेच्या औषधांवरही. परंतु त्या औषधाचे रक्तात शिरणारे प्रमाण इतके अल्प असते, की रक्तातील पातळी पाळी गेलेल्या स्त्रीच्या नेहमीच्या मर्यादेतच राहते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा औषधांवरील चौकटीतील कडक इशारा काढण्याचा निर्णय जाहीर केला. हे सर्व समजावल्यावर त्या भगिनींनी मलम पुन्हा सुरू केले.

याला मर्यादाही आहेत. ज्यांना स्तनाचा कर्करोग झालेला आहे, विशेषतः ज्या इस्ट्रोजेन रोखणाऱ्या गोळ्या घेत आहेत, त्यांनी आधी बिनसंप्रेरकाचे उपाय करावेत आणि मलमाचा निर्णय कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावा. उपचार चालू असताना अनपेक्षित रक्तस्राव झाला, किंवा पाळी बंद होऊन वर्ष लोटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तपासणी टाळू नये. असा रक्तस्राव केवळ कोरडेपणाचा आहे, असे कोणीही गृहीत धरू नये. खाजेबरोबर बाहेरच्या भागावर पांढरे, जाडसर चट्टे असतील, तर तो वेगळा त्वचारोग असू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

फरक किती दिवसांत पडतो, हा प्रश्न सर्वच विचारतात. चुरचुर दोन-तीन आठवड्यांत कमी होऊ लागते. अस्तर पुरते सावरण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. मलम सोडले, की त्रास परततो, म्हणून हा उपचार दीर्घकाळ चालतो. आमच्या हकीगतीतील भगिनींची आग सहाव्या आठवड्यास गेली. तीन महिन्यांनी पीएच ४.५ वर आला, संबंध वेदनारहित झाले आणि पुढच्या वर्षभरात उन्हाळीची एकही खेप झाली नाही. इच्छा पूर्वीइतकी परतली का? त्यांच्याच शब्दांत, "भीती गेली. ओढ थोडी आली. पण रात्री झोप नसते तोवर बाकीचं कठीणच." घामाने झोप मोडण्यावर नंतर वेगळा उपचार करावा लागला. मलमाने दुखणे जाते. इच्छेच्या बाकीच्या कारणांवर ते काम करीत नाही.

इच्छेसाठी पुरुषसंप्रेरक द्यावे का, असेही अलीकडे विचारले जाते. टेस्टोस्टेरॉन स्त्रीच्या शरीरातही असते. ते वयानुसार सावकाश घटते, पाळी जाण्याच्या वर्षी एकाएकी नव्हे. दोन्ही बीजकोश शस्त्रक्रियेने काढले असतील, तर मात्र एकदम घटते. २०१९ साली अनेक देशांतील तज्ज्ञ संस्थांनी एकमताने सांगितले, की पाळी गेलेल्या, आणि इच्छा कमी झाल्याने मनस्ताप होणाऱ्या स्त्रियांत, इतर कारणे तपासल्यानंतरच त्याचा विचार व्हावा. रक्तातील पातळी मोजून इच्छेच्या विकाराचे निदान होत नाही. पुरुषांसाठीची जेले किंवा इंजेक्शने अंदाजाने घेणे धोक्याचे आहे. त्यांनी आवाज घोगरा होऊ शकतो आणि तो बदल पुन्हा मागे जात नाही.

गर्भाशय काढलेल्या भगिनींचा उल्लेख येथे करणे अगत्याचे आहे. आपल्या महाराष्ट्रात पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया तरुण वयात मोठ्या प्रमाणात झाल्या आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या संदर्भात २०१९ मध्ये राज्य शासनाला त्याची चौकशी करावी लागली. पिशवी काढल्यावर पाळी थांबते, त्यामुळे संक्रमणकाळ केव्हा आला हे पाळीवरून समजतच नाही. बीजकोशही काढले असतील, तर हे सर्व बदल काही आठवड्यांत, एकाएकी सुरू होतात. अशा भगिनींनी शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवावा आणि बीजकोश ठेवले आहेत की काढले, हे त्यावरून विचारून घ्यावे.

आता शेवटच्या मुद्द्याकडे वळतो. डॉक्टरांना हे सांगायचे कसे? आम्ही आमच्या अनुभवावरून एक साधी पद्धत सुचवतो.

घरीच एका चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहाव्यात : शेवटची पाळी केव्हा आली, त्रास काय आणि केव्हापासून, दुखणे आधी की इच्छा कमी होणे आधी, दुखते ते दाराशी, आत खोलवर, की लघवी करताना, आणि सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्या, मलमे व घरगुती उपाय. नाव नोंदवताना खिडकीवर तक्रार सांगण्याची गरज नाही. "स्त्रीरोग तपासणी, खाजगी बोलायचे आहे" एवढे पुरे. सोबत मुलगी, सून वा पती असल्यास त्यांना काही वेळ बाहेर बसण्यास सांगता येते. संकोच वाटत असेल, तर तसे डॉक्टरांना सांगावे. डॉक्टरही ते नि:संकोचपणे सुचवू शकतात.

आत गेल्यावर हीच तक्रार पहिली सांगावी, सर्दी-गुडघेदुखी नंतर. वाक्य असे असू शकते : "डॉक्टर, पाळी अनियमित झाल्यापासून मला संबंधाच्या वेळी दुखते. त्यानंतर इच्छाही कमी झाली आहे. मला या दोन्हींवर उपाय हवा आहे." एवढ्यात काळ, क्रम आणि अपेक्षा या तिन्ही गोष्टी येतात. हे शब्द जिभेवर येत नसतील, तर चिठ्ठी पुढे करावी आणि म्हणावे, "हे वाचा, मला बोलायला जड जाते." आम्हाला अशी चिठ्ठी मिळाली, की आमचे काम निम्म्याने हलके होते. "खाली आग होते" एवढेच सांगितले, तर ऐकणाऱ्याचे लक्ष लघवीकडे जाते. म्हणून जागा स्पष्ट सांगावी. योनी हा शब्द अवघड वाटत असेल, तर "मूल जन्मते ती वाट" म्हणावे. कोणताही डॉक्टर ते अचूक समजेल.

तपासणीविषयी भीती असते, कारण दुखऱ्या जागेलाच हात लागणार असतो. तपासणीपूर्वी आपण सांगू शकता, की लहान आकाराचे उपकरण वापरा, जेल लावा, आणि मी थांबा म्हटले की थांबा. सोबत स्त्री परिचारिका असावी, ही मागणी योग्य आहे, विशेषतः डॉक्टर पुरुष असतील तेव्हा. त्या दिवशी तपासणी नकोच वाटली, तर केवळ बोलणे आणि पुढची तारीख घेणे हेही चालते. संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर मात्र तपासणी फार लांबवू नये.

कधी उत्तर मिळेल, "वय झाले, असे चालायचेच." अशा वेळी खिन्न होऊन उठू नये. शांतपणे पुढचा प्रश्न विचारावा : "वयामुळे आहे हे समजले. यावर योनीत लावायचे मलम मला चालेल का? चालत नसेल तर का?" नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर द्यावे लागते. तरीही समाधान झाले नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा अविश्वास नव्हे. निघताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : औषध किती दिवस, पुन्हा केव्हा दाखवायचे, आणि काय झाल्यास त्याआधीच यायचे.

उपस्थित पुरुषांना आमची एक विनंती आहे. पत्नी दूर राहू लागली, तर तिला दुखते का, हे एकदा विचारावे. आणि आपली स्वतःची काही अडचण असेल, तर तीही डॉक्टरांपुढे ठेवावी. मधुमेह व रक्तदाब असलेल्या पुरुषांत अशी अडचण पुष्कळ आढळते आणि तिच्यावरही उपचार आहेत.

आपल्या रुग्णालयाच्या स्त्रीरोग बाह्यरुग्ण विभागात पाच ओळींची ही चिठ्ठी छापून ठेवली आहे. ती नोंदणीच्या खिडकीशी मागावी लागत नाही. प्रतीक्षाकक्षातील पाण्याच्या यंत्राशेजारी ती ठेवलेली असते. कोणी किती घेतल्या, याची नोंद होत नाही. आपल्यासाठी, बहिणीसाठी, शेजारणीसाठी एकेक घेऊन जावी, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.